कंपाउंडरची साडेतीन पानं

"ह्या वाचा, जॉयसीबाय. मोठ्यान वाचा. सगळ्यांका आयकांदे."

ओंकारने झेरॉक्सची पानं टेबलावर आपटली, तेव्हा जॉयसी परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत होती. शिक्का तिच्या हातातच राहिला. वाचनालयात एरवी पेपर चाळायला येणारे चार म्हातारे होते, त्या चौघांचेही पेपर एकदम खाली आले. म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं. सगळ्या वाडीला ठाऊक होतं, आणि वाचनालयाची बाई तेवढी शेवटची.

तिने पानांकडे नुसती नजर टाकली. एकेचाळीस ते सेहेचाळीस. पुस्तक तिनेच गेल्या महिन्यात वाचनालयासाठी मागवलं होतं. 'मुखावरची सकाळ'. लिहिणारा गुरुप्रसाद ह्याच वाडीतला, आता पुण्याला कॉलेजात शिकवतो. दोनशे दहा पानांच्या पुस्तकातली सहा पानं कोणीतरी फाडल्यासारखी वेगळी काढली होती, आणि आता ती घराघरांत फिरत होती. वाडीत पुस्तक वाचणारे असतील आठ-दहा जण. झेरॉक्स वाचणारे मात्र दीडशे निघाले.

"माझ्या बापाशीचो दोर सुरयेन कापलो," ओंकार म्हणाला. तिशीचा दांडगा माणूस. "छापून इला आता. रविवारी मिटिंग आसा. तुमच्या घोवाक रापणीत ठेवचो की नाय, तां ठरतला."

एवढं बोलून तो गेला. म्हाताऱ्यांनी पेपर पुन्हा वर केले.

रापण म्हणजे नुसती मासेमारी नव्हे. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंचे दोर सगळ्या वाडीने मिळून ओढायचे. ज्याला रापणीत जागा नाही, त्याला वाडीत जागा नाही. तो राहतो तिथेच, पण त्याला कोणी हाक मारत नाही. पेद्रू बासष्ट वर्षांचा होता. पंधराव्या वर्षापासून त्याने दुसरं काही केलं नव्हतं. रापणीतून काढलेला पेद्रू खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत राहील आणि वर्षभरात मरेल, हे जॉयसीला लग्नाची बायको म्हणून पक्कं ठाऊक होतं.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. खाडीच्या मुखावर पेद्रूची होडी उलटली होती. होडीत दोघेच होते, तो आणि ओंकारचा बाप परशुराम. पेद्रू परत आला. परशुराम आला नाही. जॉयसी तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी, म्हापशाला होती. तिला पंधरा दिवसांनी कळलं, तेही अर्धवट. तेव्हापासून पेद्रूने घरात एकच सांगितलं होतं: परशुराम दोराच्या टोकाला होता, मी उलट्या होडीवर होतो, दोन्ही हातांनी दोर धरला, हात सोलवटले, शेवटी लाटेने दोर ओढून नेला. तेवढंच. एक शब्द इकडे नाही, तिकडे नाही. आणि परशुरामची बायको सीता त्या दिवसापासून पेद्रूशी एक शब्द बोलली नव्हती.

घरी पेद्रू जाळ्याची भोकं सांधत बसला होता.

"गुरुप्रसाद तुझ्याकडे इल्लो?" जॉयसीने विचारलं.

"इल्लो."

"कधी?"

"गेल्या वर्सा. तू वसईक गेलंस तेव्हा. लेकीकडे, वेनेसाकडे." त्याने सुई थांबवली नाही. "दोन दीस बसलो. बरो झील तो."

"काय सांगितलंस तेका?"

"इचारल्यान तां सांगलंय."

ह्या माणसाकडून शब्द काढणं म्हणजे शिंपल्यातून मांस काढणं. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवस बसला, आणि ह्याने मला वर्षभर सांगितलंही नाही? दोन दिवस ह्याने काय सांगितलं असेल? ह्याची गोष्ट तर दोन मिनिटांची आहे!

त्या संध्याकाळपासून ती पुस्तक घेऊन बसली. आधी एकदा वाचलं होतं, पण गोष्ट म्हणून. आता ती वकिलासारखी वाचू लागली.

पुस्तकात त्या सकाळची एकच गोष्ट चार जण सांगतात. नावं बदललेली: परशुरामचा बाबल झालाय, पेद्रूचा फ्रान्सिस. पहिला तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या. तो किनाऱ्यावरून बघत होता. दुसरी, बुडालेल्या बाबलची बायको. तिसरा फ्रान्सिस, जो वाचला. चौथा सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर. लेखक स्वतः कुठेच बोलत नाही. ह्याचं खरं, त्याचं खोटं, असं एका ओळीतही म्हणत नाही. झेरॉक्स निघाली होती ती तांडेलाच्या भागाची. 'फ्रान्सिसाचा हात वर गेला, काहीतरी चमकलं, आणि दोर सैल पडला,' असं तो सांगतो.

जॉयसीने कोऱ्या कागदावर पेन्सिलने चार रकाने पाडले. एकेक गोष्ट घेतली आणि चौघांपुढे धरली. समुद्र कसा होता? होडी कोणी पाठवली? दोर कुठे होता? हात कुठे होते? शुक्रवारी दुपारपर्यंत कागद भरला, आणि ती एकटीच हसली. कारण सुरी सापडली होती. पेद्रूची सुटका पान एकोणनव्वदवर होती, बाबलच्या बायकोच्या तोंडी, आणि त्या बाईला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

पण शनिवारी तिने चौथा रकाना पुन्हा वाचला आणि तिचं हसू मावळलं.

तिने गुरुप्रसादला फोन लावला.

"जॉयसीकाकी! काय चाललंय तिकडे? मला ओंकारचे मेसेज येतायत. मी येऊ का?"

"येऊ नको. एक सांग. तो कंपाउंडर कोण?"

"तसा कोणी नव्हता, काकी. कंपाउंडर मी तयार केला."

"मग त्याच्या तोंडचं? हातांचं? तेही तूच तयार केलंस?"

"काकी, कादंबरी आहे ती. पंचनामा नव्हे."

"गुरुप्रसाद, मी तुला बाराखडी वाचताना बघितलाय. माझ्याशी पुण्याचं बोलू नको."

त्याचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "काकांनी सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी एक सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. दुसरं सांगून झाल्यावर म्हणाले, हे माझ्या नावावर घालू नको, मला घरात राहायचंय. म्हणून मी एक माणूस बनवला आणि ते त्याच्याकडे दिलं."

तिने फोन ठेवला. पेद्रू मागच्या दारी माडाखाली बसला होता. त्याची पाठ दिसत होती. एकोणीस वर्षं ह्या पाठीला तेल लावलं, आणि हिच्या आत काय आहे ते पुण्याच्या पोराला ठाऊक! तिला राग आला, रडू आलं, आणि मग भीती वाटली. तिने ठरवलं: उद्या तीन जणांचंच समजावून सांगायचं. तिघे पुरेत. साडेतीन पानांचा तो कंपाउंडर कोण वाचतोय? टिंक्चर संपल्याची रड आणि वरिष्ठांच्या तक्रारी. लोक ती पानं उलटूनच टाकतात.

रविवारी चर्चमधली मिसा संपवून ती आली तेव्हा वाचनालय भरलं होतं. बायका सतरंजीवर, पुरुष बाकांवर आणि दाराशी. पेद्रू सर्वात मागे, भिंतीला टेकून. सीता पुढे सतरंजीवर बसली होती, पांढऱ्या केसांची, पाठ ताठ ठेवून. तिच्या शेजारी तिची सून दीपिका. रापण संघाचा सेक्रेटरी चंदन खुर्चीवर बसला होता, आणि सभा म्हटल्यावर त्याची मालवणी गळून पडली होती.

"विषय सर्वांना माहीत आहे," तो म्हणाला. "पुस्तकात जे लिहिलेलं आहे त्यावरून पेद्रू फर्नांडिस यांच्याविषयी निर्णय घ्यायचा आहे. मॅडम, पुस्तक तुमच्या वाचनालयातलं. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"पुस्तकात काय लिहिलंय, तेच सांगायचं आहे," जॉयसी म्हणाली. "तुम्ही जे वाचलंत ते पुस्तक नव्हे. तो एका माणसाचा जबाब आहे."

"जबाब तर जबाब," ओंकार म्हणाला. "बघणाऱ्यान सांगल्यान."

"ओंकार, समज तुझ्या शेजाऱ्याचं नि तुझं कुंपणावरून भांडण झालं. मी फक्त शेजाऱ्याक इचारलंय नि घराक गेलंय. चलात?"

बायकांत हसू फुटलं. ओंकारचं कुंपणाचं भांडण वाडीला पाठ होतं.

"ह्या पुस्तकाची रीतच ती आहे," जॉयसी म्हणाली. "एकच सकाळ चार जण सांगतात. तांडेल पहिला सांगतो. पहिला जो सांगतो त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो, कारण दुसरं काही आपण अजून ऐकलेलंच नसतं. लेखकाने त्याला मुद्दाम पहिला ठेवलाय. आपण फसावं म्हणून. मग दुसरी बोलायला लागते, आणि पहिल्याचं आपल्याला परत जाऊन वाचावं लागतं."

"म्हणजे तांडेल खोटा बोलता?" दाराशी कोणीतरी विचारलं.

"तसं सोपं नाही. तो कुठे उभा होता? वाळूवर. होडी कुठे? मुखाच्या पलीकडे. तोच सांगतो, पावसाची सर होती. एवढ्या लांबून त्याला दोन माणसं दिसली असतील. हात वर गेलेला दिसला असेल. चमकलं ते काय, ते तो सांगत नाही. 'काहीतरी' म्हणतो. सुरी हा शब्द त्या सहा पानांत एकदाही नाही. सुरी तुम्ही घातलीत."

पानांची सळसळ झाली. लोक झेरॉक्समध्ये सुरी शोधू लागले. ओंकारने त्याची पानं दोनदा उलटली.

"आता दुसरी गोष्ट. प्रत्येक सांगणाऱ्याला सांगायचं काहीतरी कारण असतं. तांडेल काय सांगतो ते बघायचंच, पण तो काय सांगत नाही तेही बघायचं. बाबलची बायको म्हणते, 'बंदरावर वादळाचा बावटा लागलेला माझ्या न्हाणीतून दिसत होता.' फ्रान्सिस म्हणतो, 'बावटा होता, तरी तांडेल जा म्हणाला.' ह्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, ती त्याचं तोंड बघत नाही, तरी बावट्याचं दोघं सारखंच सांगतात. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही ती दोघं जे सारखं सांगतात, ते पुस्तकात पक्कं धरायचं. आणि तांडेल? सहा पानांत पाऊस आहे, वारा आहे, त्याच्या आईची आठवण आहे. बावटा नाही."

खरा तांडेल ओंकारचा चुलता, धोंडू. चार वर्षांपूर्वी गेला. मरेपर्यंत दर गणपतीत तो ही गोष्ट सांगायचा, आणि त्याच्याही गोष्टीत बावटा नसायचा. म्हाताऱ्यांच्या तोंडावर ते हळूहळू उमटलं. ओंकारने मान खाली घातली.

"आणि सुरी," जॉयसी म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. अठ्ठावीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्यापलीकडे तिला कोणी काही विचारलं नव्हतं. "बाबलची बायको नवऱ्याशी झालेल्या भांडणाचं सांगते. होडीत सुरी एकच असायची, त्याची; सकाळी नारळ सोलायला तिने ती घेतली, ती परत दिलीच नाही. तो तसाच गेला. ती रडते ती भांडणासाठी. सुरीचं ती असंच, जाता जाता बोलते. तिला त्याचं मोल नाही. म्हणूनच ते खरं मानायचं. एकाने केलेला आरोप दुसरीच्या दुःखात खोटा पडतो, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. पत्ता फक्त वाचणाऱ्याला लागतो, तोही दोन्ही वाचलं तरच."

"सुरी माझ्याकडेच हुती," सीता म्हणाली.

सगळी वाडी वळली. सीता सभेत कधी बोलत नसे.

"गुरुप्रसादाक मीच सांगलंय. अजून आसा घरात. दोर कोणी कापूक नाय."

झालं. पेद्रू सुटला होता. चंदनने घसा साफ केला, दाराशी दोघे-तिघे सरळ उभे राहिले. ओंकारने हातातली झेरॉक्स चुरगळून खिशात घातली. जॉयसीने पुस्तक मिटलं. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तिला वाटलं, देवा, आता कोणी काही विचारू नये.

"आणि तो चौथो?" सीता म्हणाली.

"कोण चौथो, वयनी?" जॉयसीने विचारलं.

"दीपिकान माका सगळा पुस्तक वाचून दाखवल्यान. तीन रातींनी. तू तिघांचा सांगलंस. चौथो कित्याक घातल्यान? तेका ना होडी म्हायत, ना दर्या. तो काय करता हयसर?"

जॉयसीने तिच्याकडे बघितलं. हिला सहज विचारायचंय, की हिला ठाऊक आहे? सीताच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं. दीपिका पदराशी चाळा करत होती. मागे पेद्रू भिंतीला टेकून, डोळे मिटून. काय सांगावं? छपाईत पानं उरली म्हणून घातला? वाडीने तेही मानलं असतं. वाचनालयाची बाई सांगते म्हणजे असेल. अठ्ठावीस वर्षांत तिने पुस्तकाबद्दल कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. इतका वेळ तांडेलाला ती जे म्हणत होती, तेच आता ती स्वतः करत होती. बावटा लपवत होती.

"तो सगळ्यात महत्त्वाचा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "त्याचं कोणाशी नातं नाही, भांडण नाही. त्याला कोणाला वाचवायचं नाही. त्याला फक्त टिंक्चर वेळेवर येत नाही ह्याची तक्रार करायची आहे. म्हणून लेखकाने त्याला शेवटी ठेवलाय. वाचणारा दमलेला असतो, ही पानं तो उलटून टाकतो. मीही टाकली होती."

तिने पुस्तक उघडलं आणि वाचलं:

"'त्या दिवशी सकाळी दोनच रुग्ण आले. एक विंचूदंश. दुसरा फ्रान्सिस नावाचा मच्छीमार, बुडता वाचलेला. उजव्या पायाला कालवाच्या शिंपल्याने कापलं होतं, तेवढीच जखम. टिंक्चर नसल्याने मिठाच्या पाण्याने धुतलं. इतर अंगावर, हातांवर, तळव्यांवर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. तशी नोंद केली.'"

ती थांबली. मग तिनेच पुढे सांगितलं, कारण दुसरं कोणी सांगणार नव्हतं. "फ्रान्सिस म्हणतो, दोन्ही हातांनी धरला, हात सोलवटले. नायलॉनचा ओला दोर, त्याच्या टोकाला माणूस. तुम्ही सगळे दोर ओढणारे. तो हातातून हिसकला गेला तर तळव्याचं काय होतं, ते मी तुम्हाला काय सांगू? तांडेल म्हणतो कापला. बायकोमुळे कळतं, कापला नाही. फ्रान्सिस म्हणतो धरून ठेवला. कंपाउंडरमुळे कळतं, धरून ठेवला नाही. मधे एकच गोष्ट उरते. ती पुस्तकात कोणीच बोलत नाही. चार जणांचं चार बाजूंनी लावलं की मधे ती दिसते."

"सोडल्यान," दाराशी कोणीतरी हळूच म्हणालं.

"फ्रान्सिसान," जॉयसी म्हणाली. "पुस्तकातल्या फ्रान्सिसान. पुस्तकातला माणूस म्हणजे आपला माणूस नव्हे." हे खरं होतं, कुठल्याही पुस्तकाबद्दल खरं होतं. आणि बोलताना तिचे डोळे भरून आले.

मागचा बाक करकरला. पेद्रू पुढे आला, बायकांमधून वाट काढत. सीतापासून हातभर अंतरावर तो सतरंजीवर बसला.

"सीता वयनी," तो म्हणाला. "दोर मियां सोडलो. होडी फुटत हुती. भियालंय मी."

ओंकार ताडकन उठला. सीताने त्याच्याकडे न बघता हात केला, आणि तो उभाच राहिला.

"तिसऱ्या दिसा तू घराक इल्लंस," सीता पेद्रूला म्हणाली. "हात जोडलंस. तेव्हाच बघलंय मी तुझे हात. बाईच्या जातीक दिसता ता." ती पुढे म्हणाली, "गुरुप्रसादाक नाय सांगलंय. कोणाक नाय सांगलंय. तू कधी सांगतंस, ती वाट बघी हुतंय. एकोणीस वर्सा! एवढो वेळ लागता रे?"

पेद्रूने आपले तळवे उलटे करून मांडीवर ठेवले.

"शेवटाक काय म्हणालो तो?" सीताने विचारलं.

जॉयसीने पेद्रूकडे बघितलं. इथे खोटं बोलायला कोण अडवणार होतं? 'सोड' म्हणाला, 'तू जा' म्हणाला, काहीही. ह्याला पाचवा साक्षीदार नव्हता.

"'धर' म्हणालो," पेद्रू म्हणाला. "'धर रे पेद्रू' म्हणालो."

सीताने पदर तोंडाला लावला. बायका हुंदके देत होत्या, तिचा मात्र आवाज नव्हता.

मग तिने पदर खाली केला. "ओंकार," ती म्हणाली, "ह्याका रापणीतसून काढू नको. कापल्यान असतो तर काढलो असतो. भियालो म्हणून काढशीत, तर हयसर रवतलो कोण?"

ओंकारने मान हलवली, ती होकारार्थी होती की कशी, ते त्यालाही ठाऊक नसावं. मग तो एकटाच बाहेर पडून वाळूकडे गेला. लोकही एकेक करून उठले.

सीता उठायला गेली, पण बसून बसून तिचे गुडघे धरले होते. दीपिका चपला आणायला गेली होती. जवळ पेद्रूच होता.

"वड," सीता म्हणाली.

त्याला कळलं नाही. तिने हात पुढे केला. "वड रे. गुडघे धरलेहत."

पेद्रू उभा राहिला, पाय रोवले, दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि तिला ओढून उभी केली.